आमच्या ओळीपुढचा शेरा आम्हाला द्या : तहसील कार्यालयांतल्या जन माहिती अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या सर्व तहसील कार्यालयांचे जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीचं अनुदान ज्यांना अजून मिळालेलं नाही, अशा शेतकऱ्यांचे माहिती अधिकाराचे अर्ज सध्या तुमच्या टेबलावर येत असतील. त्यातले काही मी लिहिलेले आहेत. आमची स्वतःची शेती आहे, घरात मीच थोडी शिकलेली, म्हणून आजूबाजूच्या लोकांचे अर्ज लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं. या अर्जांना तुमच्या कार्यालयांतून काय उत्तरं येतात आणि काय यायला हवीत, याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. मागणी एकच आहे. शेतकऱ्याच्या नावाची ओळ तुमच्या यादीत जिथे कुठे आहे, तिथली ती ओळ शेऱ्याच्या रकान्यासकट त्याला द्या. पैसे का अडले ते बहुतेक वेळा त्या एका रकान्यात लिहिलेलं असतं आणि नेमका तोच रकाना आमच्यापर्यंत येत नाही.

आधी पैसे येण्याची वाट सांगते. तुम्हाला ती पाठ आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या शेतकऱ्यांना ती एका जागी कुणी सांगत नाही. पाऊस झाल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून संयुक्त पंचनामा करतात. या तिघांची पदनामं आता बदलली आहेत, पण गावात अजून हीच नावं चालतात. तेहेतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर शेतकऱ्याचं नाव गावाच्या बाधित यादीत येतं. ही यादी तहसीलला जाते, तिथे तपासून पोर्टलवर भरली जाते आणि मंजूर होते. शासनाचा निधी जिल्ह्याला येतो. मग ज्यांचा फार्मर आयडी आहे आणि ज्यांच्या नोंदीत काही गुंता नाही, त्यांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम थेट जाते. बाकीच्यांना विशिष्ट क्रमांक मिळतो, त्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी केली की पैसे सुटतात. सामाईक खातं असलेले, खातेदार मयत असलेले, नाव आणि आधार जुळत नसलेले असे सगळे या दुसऱ्या वाटेला लागतात.

या वेळी रक्कमही एक नव्हती, दोन होत्या. जिरायत पिकाच्या नुकसानीचे हेक्टरी 8,500 रुपये वेगळे, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमधले रब्बीच्या बियाणं-खतासाठीचे हेक्टरी 10,000 रुपये वेगळे. दोन्हींना तीन हेक्टरची मर्यादा होती. दोन्ही रकमा एकाच दिवशी आल्या नाहीत आणि कित्येक घरांत पहिली आली, दुसरी आलीच नाही. लोक मात्र ‘अनुदान’ असा एकच शब्द वापरतात. त्यामुळे खिडकीवर एक सांगतो मिळालं नाही, समोरचा म्हणतो मिळालंय, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

आता ज्याला व्हीके नंबर आहे, त्याला आपली स्थिती पोर्टलवर पाहता येते. त्याने माहिती अधिकारात अर्ज करण्याचं सहसा कारण नाही, आणि मी अशांचे अर्ज लिहून देत नाही. अडचण आहे ती ज्याला नंबरच आलेला नाही त्याची. त्याचा पंचनामा झालेला असतो, फोटो काढलेला असतो, पण विशिष्ट क्रमांकाच्या कुठल्याच यादीत नाव नसतं. नंबर नाही म्हणून पोर्टलवर काही दिसत नाही. तलाठी म्हणतात, माझ्याकडून यादी गेली. तहसीलमधले लिपिक म्हणतात, वरून आलेलं नाही. बँकेत तर विचारायलाही काही नसतं. अशा माणसाला कागदापर्यंत पोचवणारं साधन हा कायदाच आहे.

आमच्या शेजारच्या काकूंचं प्रकरण पूर्ण सांगते, कारण त्यात सगळ्या पायऱ्या आल्या. काकूंचे यजमान वारल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर काकू आणि त्यांचे दीर अशी दोघांची नावं सामाईक लागली. एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर. वाटणी तोंडी झालेली, निम्मं निम्मं, म्हणजे काकूंच्या वाट्याला 80 आर. सगळं सोयाबीन होतं आणि सगळं पाण्याखाली गेलं. शेंगांना जागेवर कोंब फुटले होते. पंचनाम्याला तिघंही आले होते, काकू स्वतः बांधावर उभ्या होत्या. त्यांचा फार्मर आयडी काढलेला होता, म्हणून पैसे थेट खात्यात येतील असंच त्यांना सगळ्यांनी सांगितलं. हिशोब सोपा होता. 80 आरचे पीकनुकसानीचे 6,800 आणि रब्बीचे 8,000, मिळून 14,800 रुपये. दिवाळी गेली, हरभरा पेरून झाला, तरी काही आलं नाही.

काकूंच्या भाच्याने तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवरून पहिला अर्ज करून घेतला. त्यात एकच वाक्य होतं : ‘मला अतिवृष्टीचे अनुदान अद्याप का मिळाले नाही याची माहिती द्यावी.’ तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. उत्तर असं होतं : ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहितीच्या व्याख्येत येत नाही.’ खाली सही, शिक्का आणि अपिलाची मुदत. काकू ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाटलं, आपला दावाच फेटाळला.

या उत्तरामागे काय आहे ते मला माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटलं की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर हे कायद्याच्या व्याख्येतली ‘माहिती’ होत नाही. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन नागरिकाला द्यायला माहिती अधिकारी बांधलेला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं की जी माहिती अभिलेखात नाही ती नव्याने तयार करून देण्याची सक्ती नाही. हे निकाल मला मान्य आहेत. माहिती अधिकारी हा निर्णय घेणाऱ्याचा वकील नाही, त्याने दुसऱ्याच्या मनातली कारणं शोधून काढावीत अशी अपेक्षा बरोबर नाही.

पण काकूंच्या बाबतीत कारण कुणाच्या मनात नव्हतं, ते कागदावर होतं. लिहून ठेवलेलं कारण हा अभिलेख आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(एफ) मध्ये अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापनं, अभिप्राय हे सगळं माहितीत मोजलेलं आहे. त्याहून पुढे, कलम 4(1)(डी) सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसलेल्या व्यक्तीला कळवायची आहेत, आणि ते न मागता कळवायचं आहे. एखाद्या शेतकऱ्याची ओळ यादीतून बाजूला काढणं हा प्रशासकीय निर्णयच आहे. तेव्हा ‘का’ हा शब्द दिसला म्हणून अर्ज परत करताना, त्या ‘का’ला उत्तर देणारा कागद तुमच्याच संकलनात आहे का, एवढं एकदा पाहायला हवं. कलम 5(3) प्रमाणे माहिती मागणाऱ्याला वाजवी साहाय्य करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. ‘आपल्याला यादीतल्या शेऱ्याची प्रत हवी आहे का’ असं एका ओळीत विचारलं असतं तरी काकूंचा महिना वाचला असता.

पहिल्या उत्तराविरुद्ध अपील करता आलं असतं. मी नव्याने अर्ज करायला सुचवलं, कारण अपिलात ‘का’ वरच वाद होत राहिला असता. महाराष्ट्राच्या नियमांनुसार 2012 पासून अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो. त्यामुळे पाऊस कसा झाला, कुणी काय आश्वासन दिलं, घरची परिस्थिती काय, हे काहीच लिहायचं नाही. कलम 6(2) प्रमाणे माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही. जोडपत्र ‘अ’ मध्ये विषय, कालावधी आणि माहितीचं वर्णन असे रकाने आहेत. विषयात गावाचं नाव, गट क्रमांक आणि खातेदाराचं नाव लिहिलं. कालावधी लिहिला ‘1 सप्टेंबर 2025 पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत’. वर्णनात हे पाच मुद्दे :

‘1. वरील गटाबाबतच्या संयुक्त पंचनाम्याची प्रत.
2. गावाच्या बाधित शेतकऱ्यांच्या यादीतील माझ्या नावाच्या नोंदीची, शेरा या रकान्यासह, प्रत.
3. माझी नोंद पोर्टलवर भरल्याचा दिनांक, नोंदीची सद्यस्थिती आणि नोंद परत किंवा अमान्य झाली असल्यास तेथे नमूद केलेले कारण, यांची छापील प्रत.
4. त्रुटीपूर्ततेसाठी यादी परत आली असल्यास त्या पत्राची आणि सदर त्रुटी मला कळवल्याच्या पत्राची प्रत.
5. पीकनुकसान अनुदान व रब्बी निविष्ठा मदत या दोन्हींबाबत स्वतंत्रपणे : मंजूर रक्कम, विशिष्ट क्रमांक, रक्कम वितरित झाली असल्यास दिनांक व बँकेचे नाव, यांच्या नोंदीची प्रत.’

यात एकही प्रश्नचिन्ह नाही. प्रत्येक मुद्दा कुठल्या ना कुठल्या कागदावर किंवा पडद्यावर बोट ठेवतो. चौथा मुद्दा मी दर वेळी घालते, कारण कळवल्याचं पत्र नसेल तर ‘असे पत्र अभिलेखात आढळून येत नाही’ एवढं तरी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून देणं पुढे फार उपयोगी पडतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे दहा रुपयेही लागत नाहीत, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही ते rtionline.maharashtra.gov.in वरून अर्ज करू शकतात. मात्र तिथे कार्यालय निवडताना चूक झाली की अर्ज फिरत बसतो, म्हणून मी शक्यतो समक्षच द्यायला सांगते.

तुमच्या कार्यालयातून मुदत संपत आली असताना एक पत्र आलं : माहिती 11 पानांची आहे, प्रत्येक पानाला दोन रुपये प्रमाणे 22 रुपये भरून न्यावी. कायद्याने हे चालतं. पण कलम 7(3) प्रमाणे शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीत मोजले जात नाहीत, आणि 22 रुपयांच्या पत्रासाठी चार आठवडे थांबण्याचं काही कारण दिसत नाही. पानं मोजायला एक दुपार पुरते. शुल्काचं पत्र पहिल्याच आठवड्यात काढण्याची सवय तुम्ही लावून घेतलीत, तर आमचा अर्धा त्रास कमी होईल. मुदत उलटली तर कलम 7(6) प्रमाणे तीच पानं फुकट द्यावी लागतात, हेही अर्जदारांना माहीत असावं.

ती 11 पानं मी आणि काकूंनी ओसरीवर बसून वाचली. पंचनाम्यात काकूंची नोंद स्वच्छ होती : सोयाबीन, 80 आर, नुकसान तेहेतीस टक्क्यांपेक्षा जास्त. गावाच्या यादीतही नाव होतं, रक्कमही बरोबर लिहिलेली. त्या यादीत शेरा या रकान्यात पेनाने फक्त ‘सामा.’ लिहिलं होतं. तिसऱ्या मुद्द्याच्या उत्तरात पोर्टलच्या छापील कागदावर तीच नोंद परत पाठवलेली दिसत होती आणि कारण होतं : ‘सामाईक खातेदार, सहखातेदाराचे संमतीपत्र अप्राप्त’. तहसीलमधून तलाठ्यांना गेलेलं पत्रही मिळालं. त्यात आमच्या गावाच्या अशाच काही नोंदी होत्या आणि सात दिवसांत त्रुटी पूर्ण करून घ्याव्यात असा आदेश होता. चौथ्या मुद्द्याच्या दुसऱ्या भागाला उत्तर होतं, खातेदारास कळवल्याचं पत्र अभिलेखात आढळून येत नाही. पाचव्या मुद्द्यात दोन्ही रकमांसमोर ‘विशिष्ट क्रमांक निर्माण झालेला नाही’ असं होतं.

म्हणजे दीरांनी एका कागदावर सही केली असती तर काम होत होतं. ते दीर काकूंच्याच वाड्यात, समोरच्या खोलीत राहतात. दोघांचं भांडण नाही, दोघांचेही पैसे याच कारणाने अडले होते आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. माझा राग कुठे आहे तो इथे आहे. त्रुटी साधी होती, ती कागदावर स्पष्ट लिहिलेली होती, ती पूर्ण करून घ्या असा आदेशही निघालेला होता. फक्त ज्या बाईला ती पूर्ण करायची होती तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिने स्वतः विचारलं तेव्हा तिचा प्रश्न ‘प्रश्नार्थक’ म्हणून परत केला.

यानंतरची पायरी बरेच जण चुकतात, म्हणून तीही लिहिते. माहिती अधिकारात कागद मिळतो, पैसे मिळत नाहीत. जन माहिती अधिकाऱ्याला अनुदान सोडण्याचा अधिकार नाही आणि माहिती आयोगालाही नाही. कागद हातात आल्यावर तहसीलदारांच्या नावाने वेगळा, साधा अर्ज करावा लागतो. काकू आणि दीर दोघांनी संमतीपत्र केलं, सोबत सातबारा, दोघांची आधारची प्रत आणि माहिती अधिकारात मिळालेल्या त्या छापील कागदाची प्रत जोडली. अर्जात एवढंच लिहिलं की अमुक दिनांकाला अमुक कारणाने परत केलेली नोंद त्रुटी पूर्ण झाल्याने पुन्हा सादर करावी. हा अर्ज पुन्हा आवक शाखेत, पुन्हा शिक्का. आता लिपिकांना शोधाशोध करावी लागली नाही, कारण कुठल्या नोंदीवर काय करायचं ते त्यांच्याच कागदावर होतं. व्हीके नंबर आला, सेवा केंद्रात ई-केवायसी झाली आणि 6,800 रुपये काकूंच्या खात्यात जमा झाले. रब्बीचे 8,000 हे पत्र लिहीपर्यंत आलेले नाहीत.

काकूंच्या प्रकरणात पैसे सुटलेच नव्हते. याच्या उलट प्रकारही असतो. कार्यालय म्हणतं पैसे गेले, आणि शेतकऱ्याचं पासबुक कोरं. अशा वेळी गोंधळ बहुधा आधारच्या जोडणीत असतो. बँकेत आधारची प्रत दिली म्हणजे खातं अनुदानासाठी जोडलं गेलं असं नाही. बँकांमधले आधारचे व्यवहार सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक असते आणि सगळ्यात शेवटी जिथे जोडणीला संमती दिली ती बँक तिथे राहते. मुलाने कधी मोबाइलवर आईच्या नावाने खातं उघडून दिलेलं असतं, बचत गटाच्या वेळी दुसऱ्या बँकेत उघडलेलं असतं, आणि पैसे निमूट तिकडे जातात. कधी ते खातं बंद असतं आणि रक्कम परत फिरते. या दोन्हींतला फरक ‘पैसे गेले आहेत’ या उत्तरातून कळत नाही. तो कळण्यासाठी वितरणाचा दिनांक, बँकेचं नाव आणि व्यवहार यशस्वी की अयशस्वी, एवढं लागतं. हे शेतकऱ्याचं स्वतःचं आहे, तुमच्याकडे नोंदवलेलं आहे. एवढ्या तीन गोष्टी उत्तरात आल्या तर माणूस थेट योग्य बँकेच्या दारात उभा राहतो, तुमच्या दारात पुन्हा येत नाही.

अलीकडे काही उत्तरांत नवं कारण दिसायला लागलं आहे : ‘वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.’ नोव्हेंबर 2025 मध्ये कलम 8(1)(जे) बदललं, डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यामुळे त्यातली आधीची शब्दरचना जाऊन वैयक्तिक माहितीला सरसकट सूट मिळाली, हे खरं आहे. तो बदल झाला याचं मला वाईट वाटतं. पण अर्जदाराची स्वतःची नोंद अर्जदारापासून लपवण्यासाठी ते कलम नाही. यादीच्या त्याच पानावर दुसऱ्यांचे आधार किंवा खाते क्रमांक असतील तर कलम 10 प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचं पान देता येतं. काकूंच्या पानांवर तुमच्या सहकाऱ्यांनी तसंच केलं होतं, वरखालच्या ओळींवर पांढरा कागद ठेवून प्रत काढली होती. ते योग्य होतं आणि त्याबद्दल मी आभार मानते. शिवाय अनुदान योजनेत कुणाला किती दिलं हे जाहीर करण्याचं कलम 4(1)(बी) मधलं बंधन अजून जागेवर आहे, आणि जनहित मोठं असेल तर सूट बाजूला ठेवून माहिती देण्याचं कलम 8(2) सुद्धा.

दुसरी तक्रार अर्ज फिरवण्याबद्दल आहे. ‘सदर माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संबंधित आहे, तेथे अर्ज करावा’ असं उत्तर देऊन अर्ज बंद करता येत नाही. कलम 6(3) प्रमाणे अर्ज तुम्हीच पाच दिवसांच्या आत त्या कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. पंचनामा तीन खात्यांनी मिळून केलेला असतो, त्यामुळे एखादा कागद कृषीकडे आणि एखादा तुमच्याकडे असणं स्वाभाविक आहे. मग तुमच्याकडचा भाग तुम्ही द्या आणि उरलेला मुद्दा त्यांच्याकडे वर्ग करा. शेतकऱ्याने प्रत्येक दाराला नवा दहा रुपयांचा स्टँप लावावा अशी कायद्याची रचना नाही.

प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांना माझं वेगळं सांगणं आहे. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर अर्जदार तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टँप लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये तुमच्याकडे येतो. तुमच्या टप्प्याला आमच्या दृष्टीने खरं महत्त्व आहे, कारण पुढे राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील गेलं की तिथल्या प्रलंबित प्रकरणांच्या रांगेत ते किती काळ थांबेल याचा भरवसा नसतो. तोवर दुसरा खरीप येऊन गेलेला असतो. कायद्यात माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे, पण तो दंड आयोगच करू शकतो आणि त्यातून शेतकऱ्याला काही मिळत नाही. आम्हाला कुणाला दंड झालेला पाहायचा नाही. तुमच्यासमोर सुनावणी असेल तेव्हा संबंधित लिपिकांना यादी घेऊन बोलवा आणि त्या शेतकऱ्याची ओळ तिथेच काढून वाचायला लावा. ‘माहिती देण्यात यावी, अपील निकाली’ एवढ्या आदेशाने माणूस पुन्हा पहिल्या खिडकीवर जातो.

आता मागणी. त्रुटीसाठी परत आलेल्या नोंदींची गावनिहाय यादी तुमच्याकडे तयार असते, काकूंच्या 11 पानांत तिचा एक भाग आम्ही पाहिला. त्यातले आधार आणि बँक खात्याचे रकाने काढून खातेदाराचं नाव, गट क्रमांक आणि शेरा एवढे तीन रकाने ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तलाठी कार्यालयात लावा. ‘संमतीपत्र अप्राप्त’, ‘खातेदार मयत, वारसनोंद नाही’, ‘आधारवरील नाव जुळत नाही’, ‘क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त’ असं एकेका नावापुढे वाचायला मिळालं, तर ज्याचं त्याला काय करायचं ते कळेल. वारसनोंद करायची असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून ती बाब जितकी लवकर कळेल तितकं बरं. हे केलंत तर माझ्याकडे अर्ज लिहायला येणारे निम्म्याहून जास्त लोक येणारच नाहीत, आणि तुमच्याकडचे तेवढेच अर्ज कमी होतील.

तोवर अर्ज येत राहतील. काकूंच्या रब्बी मदतीचा अर्ज आवक शाखेत दिलेला आहे, त्यात फक्त त्या एका रकमेची नोंद, तिची सद्यस्थिती आणि शेरा मागितला आहे. तहसीलच्या त्या पत्रात आमच्या गावाच्या ज्या बाकीच्या नोंदी होत्या, त्यांपैकी ज्यांना आपलं नाव त्यात आहे हे माझ्याकडून कळलं, त्यांचेही अर्ज याच आठवड्यात तुमच्याकडे पोचतील. पाचही मुद्दे वर छापल्याप्रमाणेच असतील. शुल्काचं पत्र लवकर काढा, पानं न्यायला आम्ही त्याच दिवशी येऊ.

आपली,
मराठवाड्यातली एक शेतकरी